पॉलिशच्या आधीचा फोटो टाका

सुतारांचे व्हॉट्सअॅप स्टेटस आणि इन्स्टावरची रील मी आवर्जून बघते. नव्वद टक्के ठिकाणी एकच प्रकार: चकाचक दार, वर गाणं, खाली फोन नंबर. त्यातून एवढंच कळतं की पॉलिशवाला चांगला होता. सुताराने आत काय केलंय ते पॉलिशखाली गेलेलं असतं, आणि गिऱ्हाईकाची शंका नेमकी तिथेच असते.

सागवानी चौकट घ्या. सात फुटांचे दोन उभे, साडेतीन फुटांचे दोन आडवे, म्हणजे एकवीस फूट लाकूड. वखारीतून ते पाच बाय तीन इंचांचं येतं. वखारीचा हिशेब सरळ आहे: रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. इथे २.१९ घनफूट येतं. आता रंधा फिरला की चारी बाजू साफ होतात आणि माप पावणेपाच बाय पावणेतीनवर येतं. चौकट बसल्यावर घरमालक टेप लावतो, तोच हिशेब करतो आणि त्याला १.९ घनफूट मिळतं. घनफुटाला साडेतीन हजार रुपये भाव धरला, तर फरक जवळजवळ हजार रुपयांचा. घरमालक म्हणतो, सुताराने लाकूड खाल्लं. सुतार म्हणतो, साहेब, रंध्यात गेलं. खरं सुताराचंच असतं, पण तोवर त्या ढलप्या बंबात जळून गेलेल्या असतात.

हे भांडण दोन फोटोंत मिटतं. पहिला, लाकूड वखारीतून आलं त्या दिवशीचा, टेप लावलेला, आकडा वाचता येईल असा. दुसरा, रंधा मारल्यानंतर, त्याच तुकड्यावर तसाच टेप. तुकडा तोच आहे हे कळायला टोकाच्या बाजूला, जिथे रंधा लागत नाही तिथे, पेन्सिलीने गिऱ्हाईकाचं आद्याक्षर लिहून ठेवायचं. ही खूण नसेल तर हे कुठल्याही लाकडाचे कुठलेही दोन फोटो ठरतात, आणि शंकेखोर माणूस ते पहिल्यांदा म्हणतो.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा फोटो पॉलिशच्या आदल्या दिवशीचा. सागाचा गाभा तपकिरी सोनेरी असतो, सालीलगतचं लाकूड पांढरट. वाळवी आणि भुंगेरे त्या पांढऱ्या भागाला आधी लागतात. सागाच्या टिकाऊपणाची ख्याती गाभ्याची आहे. स्टेन मारलं की दोन्ही एकसारखे दिसतात आणि पांढऱ्या पट्ट्याची चौकट गाभ्याच्या भावात खपते. म्हणून उघड्या लाकडाचा, दिवसाच्या उजेडातला, चारी बाजूंचा फोटो हवा. एका कडेला बोटभर पांढरा पट्टा असला तर तोही दिसू द्या आणि भाव त्यानुसार लावल्याचं खाली लिहा. तो पट्टा लपवलेला सापडला, तर आधीचे सगळे फोटो खोटे ठरतात.

जोडाचंही तेच. सालकुसूचा जोड ठोकून बसवला की बाहेरून फक्त एक रेघ दिसते. आत कुसू पूर्ण लांबीचं आहे की अर्धवट कापून खिळ्यांवर भागवलंय, फट भुशात सरस कालवून बुजवलीय का, हे बंद जोडावरून ओळखता येत नाही. ठोकायच्या आधी, उघडं कुसू आणि उघडी साल शेजारी ठेवून दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरे. गाण्याची गरज नाही. मोगरीचा आवाज राहू द्या, कुसू घट्ट बसतंय की सैल, ते त्यावरूनच कळतं.

ओलाव्याच्या मीटरचे फोटो मात्र जपून बघावेत. दोन सुया पृष्ठभागात टोचल्या की १२ टक्के दाखवणारं लाकूड आत पुष्कळ ओलं असू शकतं, कारण वाळणं बाहेरून सुरू होतं आणि टोकं सगळ्यात आधी वाळतात. मीटर लावायचाच असेल तर मधोमध कापून ताज्या कापावर लावावा. नाहीतर चौकट उन्हाळ्यात पिळते आणि दार घासायला लागतं, आकडा कितीही सुंदर असला तरी.

आता दर. 'दरासाठी मेसेज करा' असं लिहिणाऱ्या सुताराबद्दल लोक धरून चालतात की तो माणूस बघून भाव सांगतो. पूर्ण दरपत्रक टाकणं शक्य नसतं, भाव महिन्याला हलतात. पण झालेल्या एका कामाचा हिशेब टाकता येतो, गिऱ्हाईकाला विचारून, त्याचं नाव आणि घर न दाखवता: लाकूड इतके घनफूट, या तारखेचा भाव, सुतार आणि मदतनीस यांचे रोज किती, बिजागऱ्या-कड्या, पॉलिश, टेम्पो. आणि शेवटी स्वतःचा नफा, वेगळ्या ओळीत. ही ओळ बहुतेक जण लाकडाच्या भावात मुरवतात. मग घरमालक स्वतः वखारीत चौकशी करतो, तिथला भाव कमी निघतो, आणि रास्त नफाही चोरी वाटतो.