बरे आहेत

पुण्यात प्लंबरची लेखी शिफारस सहसा सोसायटीच्या फलकावर, लिफ्टशेजारी, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लावलेली आढळते. हिचे दोन प्रकार. पहिला म्हणजे ‘अतिशय प्रामाणिक, उत्तम काम, जरूर बोलवा.’ हा मजकूर शिकवणीच्या बाईंना, ब्लाउज शिवणाऱ्यांना आणि गणपतीच्या गुरुजींनाही तसाच चालतो, म्हणून तो प्लंबरच्या कामाचा नाही. जाणकार रहिवासी तो वाचून गृहीत धरतात की प्लंबर लिहिणाऱ्याचा भाचा असावा.

दुसरा प्रकार कुरकुरत लिहिलेला असतो आणि उपयोगाचा तोच. त्याचा एक नमुना असा: ‘फ्लशची टाकी रात्रभर झिरपत होती. आधीच्याने अख्खी टाकी बदला म्हणून सांगितले. यांनी टाकीत नीळ टाकून वीस मिनिटे थांबायला लावले (चहा आमचा). भांड्यात निळे उतरले. वॉशर 60, मजुरी 250. जुना वॉशर हातात दिला. आठ महिने झाले, गळत नाही. अकराची वेळ देऊन पाऊण वाजता आले. गिझरला हात लावत नाहीत. बरे आहेत.’

या मजकुरातला सगळ्यात मोलाचा शब्द नीळ. झिरपणाऱ्या टाकीत दोन जागी दोष असू शकतो. तळाच्या सायफनचा वॉशर नीट बसत नसेल, तर पाणी खालून भांड्यात उतरते. पाणी भरणारा बॉलकॉक वेळेवर बंद होत नसेल, तर पाणी चढत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून सांडते. भांड्यात पाहणाऱ्याला दोन्हींची बारीक धार सारखीच दिसते. म्हणून आधी टाकीचे झाकण उघडून पाणी नळीच्या तोंडाखाली आहे ना हे बघायचे, मग नीळ टाकायची आणि फ्लश न करता थांबायचे. भांड्यात निळा रंग आला की दोष वॉशरचा. पाणी नळीच्या काठावरून वाहत असेल, तर नीळ वाया घालवू नये. बॉलकॉकच पाहावा. शिफारशीत नीळ आहे याचा अर्थ प्लंबरने आधी शोधले आणि मग पाना काढला. झाकण न उघडताच ‘टाकी बदला’ म्हणणाऱ्याला दुकानदाराचे कमिशन सुटत असावे, असे पुणेकर लिहीत नाही. तो फक्त ‘आधीच्याने’ एवढेच लिहितो.

वॉशर आणि मजुरी वेगळी लिहिण्यामागे हिशेबीपणा आहेच, पण दुसऱ्याला किंमत पडताळता येते ती त्यामुळेच. ‘310 रुपये घेतले’ यावरून काहीच कळत नाही. जुना वॉशर हातात देणे हा पुरावा. तो चपटा, कडक किंवा कडेने चिरलेला असेल तर बदलणे रास्त होते. काही घरांत असे वॉशर पुढे खिळ्यांच्या डब्यात वर्षानुवर्षे राहतात.

‘आठ महिने’ हा आकडा नसेल तर बाकीचे सगळे कच्चे. काम झाले त्याच संध्याकाळी लिहिलेली शिफारस ही प्लंबरची नव्हे, आनंदाची नोंद होय. भिंतीत गाडलेल्या पाइपच्या कामाबाबत तर हे फारच खरे. सांध्यातल्या बारीक झिरपण्याने रंगाचे पोपडे सुटायला काही आठवडे लागतात, आणि ते पोपडे बहुधा खालच्या मजल्यावरच्यांना आधी दिसतात. म्हणून भिंत फोडलेल्या कामाची शिफारस खालच्या मजल्यावरच्यांच्या सहीने वाचावी.

नमुन्यात एक उणीव आहे. पाणी कुठले, हे त्यात नाही. पेठांत खडकवासल्याचे पाणी येते. ते धरणाचे, म्हणून तुलनेने मृदू. वाघोलीसारख्या भागात ज्या सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालतात, तिथे वॉशर टेकतो त्या कडेवर क्षाराचा पांढरा खडबडीत थर जमतो. नवा वॉशरही मग नीट बसत नाही. ती कड घासून साफ करावी लागते, आणि तरी महिन्या-दोन महिन्यांत गाडी मूळ पदावर येऊ शकते. सदाशिव पेठेतले ‘आठ महिने’ तिकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे सांगण्याची सोय सदाशिव पेठेत नाही.

पावणेदोन तासांचा उशीर आणि गिझरची नकारघंटा या तक्रारी समजू नयेत. उशीर लिहिल्यामुळे वाचणारा रजा अर्धीच काढतो की पूर्ण, हे ठरते. गिझर न घेणारा प्लंबर आपली हद्द ओळखतो, कारण त्यात विजेचेही काम येते. ‘बरे आहेत’ ही या शहरातली वरची श्रेणी. ‘चांगले आहेत’ असे लिहिले असते, तर पुढच्या वेळी मजुरी 350 झाली असती.

फोन नंबर मात्र कागदावर नसतो. तो विचारायला तिसऱ्या मजल्यावर जावे लागते. तिथे डायरी सापडत नसते, कारण लिहिणाऱ्यांच्या मोरीतला नळ येत्या रविवारी दुरुस्त व्हायचा असतो. सोमवारी डायरी सापडते.