कागदावरचे सव्वीस लाख

विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा मेल फार सभ्य असतो. "आपल्या दाव्याची पुढील कार्यवाही करण्यासाठी खालील कागदपत्रे सात दिवसांत पाठवावीत," एवढेच त्यात म्हटलेले असते. खाली यादी असते. माझ्या यादीत अग्निशमन दलाचा दाखला, पोलीस पंचनामा, गोडाऊनचा भाडेकरार, तीन वर्षांचे ताळेबंद, खरेदी-विक्रीची बिले आणि जीएसटीची विवरणे होती. इथवर मी निर्धास्त होतो. पुढे दोन ओळी होत्या: 'स्टॉक रजिस्टर' आणि 'बँकेस दरमहा दिलेले स्टॉक स्टेटमेंट'.

कोल्हापुरात माझे स्टेशनरीचे होलसेल दुकान आहे. बॉक्स फाइल, पाकिटे, हिशेबाच्या वह्या आणि स्टॉक रजिस्टर मी विकतो. 'मालाची नोंद रोज ठेवा साहेब' असे गिऱ्हाइकाला सांगून मी आजवर ढिगाने रजिस्टरे खपवली आहेत. माझे स्वतःचे एकच होते. माल ठेवतो तिथेच नोंद ठेवावी, या माझ्या शिस्तीपायी तेही गोडाऊनमध्येच होते.

"मग ते जळलं असेल," सर्व्हेअर साहेब फोनवर म्हणाले.

"जळलं," मी म्हणालो. खरे सांगायचे तर, शेवटची नोंद दिवाळीच्या आधीची होती, हे लपल्याचा मला किंचित आनंदच झाला.

तो टिकला नाही. रजिस्टर नसले तरी माल काढता येतो, असे त्यांनी शांतपणे समजावले. १ एप्रिलचा शिल्लक माल १८ लाख, हे ताळेबंदात आहे. आगीपर्यंतची खरेदी ६२ लाख. ती पुरवठादारांच्या बिलांवरून आणि जीएसटी पोर्टलवरून निघते. दोन्ही मिळून ८० लाख. विक्री ७० लाख. गेल्या तीन वर्षांत माझा ढोबळ नफा विक्रीच्या १० टक्के आहे, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत ६३ लाख. ऐंशीतून त्रेसष्ट गेले, राहिले १७ लाख. आगीच्या दिवशी गोडाऊनमध्ये एवढाच माल असणार.

"आता बँकेला दिलेलं स्टेटमेंट बघू," ते म्हणाले.

त्यात २६ लाख होते.

त्याचे असे झाले. कॅश क्रेडिटची उचल मालाच्या किमतीवर ठरते. एका वर्षी हात आखडला तेव्हा आमच्या हिशेबनीस अण्णांनी आकडा थोडा फुगवला. मग दरमहा तोच कागद तारीख बदलून जायला लागला. बँकेत कोणी विचारले नाही. साहेबांनी सगळ्या महिन्यांचे कागद शेजारी-शेजारी मांडले. जानेवारीत १,२४० बॉक्स फाइल, एप्रिलमध्ये १,२४०, शाळा उघडून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती त्या जूनमध्येही १,२४०. "यांची विक्री होत नाही का?" त्यांनी विचारले. अण्णा टेबलावरची टाचणी उचलून डबीत ठेवू लागले.

मी घाईने म्हणालो, "सव्वीसच धरा की, साहेब. बँकेचा कागद आहे."

"धरतो. तुमचा विमा किती लाखांचा?"

"वीस."

मग त्यांनी अंडर-इन्शुरन्स म्हणजे काय ते सांगितले. माल २६ लाखांचा आणि विमा २० लाखांचा, तर नुकसानही त्याच प्रमाणात मिळते. माझ्या ९ लाखांच्या नुकसानीचे सुमारे ६ लाख ९२ हजार झाले असते. माझ्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होती. माझी होती २३ टक्के. थोडक्यात, खोटा कागद खरा ठरवला तर विम्यात मार, खोटा ठरवला तर बँकेत. मी हळूच सतरावर आलो.

साहेब टेप घेऊन गोडाऊनमध्ये गेले. रॅकची लांबी-उंची मोजून ते म्हणाले, सव्वीस लाखांचा माल इथे मावतच नाही. कागदाचे घट्ट बांधलेले गठ्ठे कडेनेच जळतात. बाहेरून कोळसा झालेले बंडल त्यांनी चिमट्याने उकलले, तर आतले पान पांढरे, फक्त बंबाच्या पाण्याने फुगलेले. तो माल पूर्ण नुकसानीतच धरला, पण रद्दीवाल्याने त्याचे ६० हजार सांगितले होते, ते वजा झाले. मी अगोदरच ढीग उपसून टाकला असता, तर मोजायला काही उरले नसते. वेळेवर अंग राखल्याचे हे एकच श्रेय माझ्या नावावर आहे.

शेवटी मी एक पत्र लिहून दिले: बँकेचे आकडे अंदाजे होते, हिशेबाच्या वह्यांतले प्रमाण मानावेत. 'अंदाजे' हा शब्द अण्णांनी सुचवला. दावा सतरा लाख गृहीत धरूनच निघाला, पॉलिसीतली वजावट सोडता व्यवस्थित.

पॉलिसीवर बँकेचे नाव होते, म्हणून पैसे थेट बँकेत गेले. बँकेने उरलेला माल स्वतः मोजला: ८ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन कापून उचल ६ लाखांवर आणली आणि वरची रक्कम विम्याच्या पैशांतून वळती करून घेतली.