गॅलरीत नाही म्हणजे गेला?

फोटो दिसेनासा झाला की घरात आधी आरोपी शोधतात, फोटो नंतर. आरोपी बहुधा सहावीत असतो. त्याने फक्त एक गेम टाकलेला असतो, पण डाग कायमचा.

मग कुणीतरी जाणकार सुचवतो, 'रिकव्हरी'चं अ‍ॅप टाका. टाकलं. ते परवानग्या मागतं, जाहिराती दाखवतं आणि शेकडो चिमुकले, धुरकट फोटो समोर ओततं. सापडले! घरात जल्लोष.

काय सापडलं? फोटो भराभर दाखवता यावेत म्हणून फोननेच करून ठेवलेल्या छोट्या प्रती, म्हणजे थंबनेल. त्या मोठ्या करून बघा, आजीचं नाक कुठे संपतं आणि नथ कुठे सुरू होते ते सांगता आलं तर कळवा.

हल्लीच्या अँड्रॉइड फोनमधला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि साध्या अ‍ॅपला साठवणीच्या तळापर्यंत जाऊच दिलं जात नाही. खरोखर पुसलेला फोटो एखादं फुकट अ‍ॅप खणून काढेल, ही आशा बाळगायला हरकत नाही. पैसे मात्र भरू नका.

मुळात पुसलाय हे ठरवलं कुणी?

आधी कचऱ्याचा डबा बघा. गुगल फोटोजच्या Trash मध्ये बॅकअप झालेले फोटो 60 दिवस राहतात, बॅकअप नसलेले 30 दिवस. आयफोनच्या Recently Deleted मध्येही 30 दिवसांची मुदत असते. डब्यात फोटो नाही आणि पुसल्याचं कुणाला आठवतही नाही, तर तो गेलाय असं नव्हे. दिसत नाहीये, एवढंच.

गॅलरी हे कपाट नाही, खिडकी आहे. फोटो पडलेले असतात फोल्डरांमध्ये. फोन त्यांची एक यादी करून ठेवतो आणि गॅलरी ती यादी वाचून दाखवते. यादीत नाव नसेल तर फोटो फोनमध्ये असूनही गॅलरीच्या लेखी नाही. सरकारी कचेरीत जिवंत माणसाला हयातीचा दाखला मागतात, त्यात आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

यादीतून नाव उडवायला काय लागतं? एक रिकामी फाइल. तिचं नाव `.nomedia`. ती ज्या फोल्डरात असेल त्याच्या दारातूनच यादी करणारा परत फिरतो. वजन शून्य, अधिकार जिल्हाधिकाऱ्याचा.

आमच्या सोसायटीतल्या एका मावशींचं प्रकरण घ्या. 13 एप्रिल 2025, रविवार, नातीचं बारसं. फोटो घरच्या ग्रुपवर व्हॉट्सअ‍ॅपने आले. ग्रुपमध्ये उघडले की दिसतात, गॅलरीत एकही नाही. सुनेने पुसले, असा निकाल लागून गेला होता. अपीलही फेटाळलं होतं.

मी फक्त विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपचा शेवटचा फोटो गॅलरीत कधीचा आहे? मावशींनी बोटाने वर सरकवत सरकवत नेलं. गुढीपाडव्याचा. त्याच्या आधीचं सगळं जागच्या जागी, त्याच्यानंतर काहीच नाही. ना बारसं, ना कुणाचा वाढदिवस, ना एकही 'सुप्रभात'.

पुसणारा माणूस असं करत नाही. पुसणारा मधूनमधून पुसतो, मागे भोकं राहतात. एका तारखेला अशी सरळ रेघ पडली असेल तर समजावं, त्या दिवशी कुणीतरी सेटिंग बदललंय.

आणि पाडव्याला घरी आलं होतं कोण? पुण्याचा भाचा. आयटीतला.

मावशीच म्हणाल्या होत्या, अरे, गॅलरी नुसती गुलाबांच्या फुलांनी भरलीय, काहीतरी कर. भाच्याने श्रीखंड संपायच्या आत काहीतरी केलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Chats, तिथे Media visibility, ते बंद. झालं काम! त्या दिवसापासून फोटो फोनमध्ये येत राहिले, पण उतरले Private नावाच्या आतल्या फोल्डरात. आणि त्या फोल्डराच्या दारावर? तीच, शून्य वजनाची.

गुलाब गेले. बारसंही गेलं. फुलं आणि नात यांतला फरक सेटिंगला कुठे कळतो?

मग सेटिंग पुन्हा चालू करायचं. ते सगळेच करतात, संध्याकाळपर्यंत वाट बघतात आणि म्हणतात, छे, उपयोग नाही. कसा होणार? हे बटण फक्त यापुढे येणाऱ्या फोटोंना लागू होतं. आधीचे आत अडकलेत ते आतच. (हेच बटण एकेका ग्रुपपुरतंही असतं, ग्रुपच्या नावावर टिचकी मारल्यावर दिसतं. मुख्य सेटिंग ठीकठाक दिसूनही एकाच ग्रुपचे फोटो गायब असतील तर तिथे बघा. नणंदेचा ग्रुप असेल तर जरा बारकाईने.)

आतले बाहेर कसे काढायचे? फाइल्सचं अ‍ॅप उघडायचं. त्याच्या सेटिंगमध्ये Show hidden files चालू करायचं, नाहीतर इतका प्रवास करून रिकाम्या हाताने परत. मग या वाटेने आत शिरायचं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

जुन्या फोनमध्ये WhatsApp हे फोल्डर थेट बाहेरच असायचं. अँड्रॉइड 11 पासून त्याला आत हलवलंय. म्हणून पूर्वी कुणी शिकवलेली वाट आता भिंतीपाशी संपते.

तिथे आत मावशींच्या Private मध्ये फोटो होते. नावं अशी:

```
IMG-20250413-WA0027.jpg
```

मधले आठ आकडे म्हणजे साल, महिना, दिवस. शेवटचा आकडा त्या दिवसाचा अनुक्रमांक. म्हणजे शोधायला प्रत्येक फोटो उघडावा लागत नाही, नुसती नावं वाचत गेलं तरी 13 एप्रिल सापडतो. फक्त एक ध्यानात ठेवा, ही तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची, काढल्याची नव्हे. आजोबांच्या मुंजीचा फोटो काल कुणी पाठवला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या हिशेबी मुंज काल झाली.

आता खरी मेख. फोटो निवडले की अ‍ॅप विचारतं, Copy की Move? हात Move कडे जातो, कारण घर आवरायची सवय. Move केलंत तर फोटो गॅलरीत येईल आणि ग्रुपमधून बेपत्ता होईल, कारण व्हॉट्सअ‍ॅप त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं. मग नवा आरोपी शोधा. Copy करा, Pictures मध्ये टाका, दोन्हीकडे राहील.

इतकं सगळं करून मावशी म्हणाल्या, एप्रिलमध्ये तर नाहीतच! नव्हतेच. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटोतली 'कधी काढला' ही नोंद काढून टाकतं, त्यामुळे बऱ्याच फोनांत गॅलरी प्रत केल्याचा दिवस धरते. बारसं एप्रिलचं, बसलं जूनमध्ये. नवा फोन घेतल्यावर दहा वर्षांचे फोटो एकाच मंगळवारी काढल्यासारखे दिसतात, त्याचंही कारण हेच. ते गेलेले नसतात, चुकीच्या पंक्तीला बसलेले असतात.

त्याच WhatsApp Images मध्ये शेजारी आणखी एक फोल्डर आहे, Sent. तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेल्या फोटोंच्या प्रती इथे पडतात. हाही गॅलरीपासून लपवलेला. कॅमेऱ्यातला मूळ फोटो वैतागून पुसला असेल, पण आधी कुणाला पाठवला असेल, तर दाबून लहान केलेली का होईना, प्रत इथे असू शकते. म्हणजे तुमच्या आठवणींचा बॅकअप तुमच्या फुशारकीने घेतलेला असतो.

आणि 'फोन स्वच्छ करा' म्हणणारी अ‍ॅप्स हेच फोल्डर 'अनावश्यक' म्हणून पुढे करतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा राग काढू नका. गुगल फोटोजचीही तऱ्हा आहे. पहिल्या पानावर बहुतकरून कॅमेऱ्याचे फोटो. स्क्रीनशॉट, डाउनलोड, इतर अ‍ॅप्सचे फोटो Collections मध्ये On this device खाली. पहिलं पान बघून 'नाहीत' म्हणणारे लोक वर्तमानपत्रही तसंच वाचतात.

मग येतं Archive. बोट चुकून लागलं तरी फोटो मुख्य पानावरून उठतो. पण तो शोधला की सापडतो, अल्बममध्येही राहतो, त्यामुळे निरुपद्रवी. Locked Folder मात्र वेगळं प्रकरण. तिथला फोटो शोधून सापडत नाही, अल्बममध्ये दिसत नाही. त्याचा बॅकअप चालू केलेला नसेल आणि तुम्ही 'अ‍ॅप काढून पुन्हा टाकून बघू' हा राष्ट्रीय उपाय केलात, तर तो फोटो खरोखरच गेला. इतका वेळ लपलेला होता, तुम्ही मारलात.

आणि खातं? फोनवर दोन जीमेल असतात, एक आपलं आणि एक दुकानदाराने फोन देताना घाईत उघडून दिलेलं. 'जागा मोकळी करा' म्हटलं की बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती जातात, फोटो राहतात त्या त्या खात्यात. वर उजवीकडच्या गोलावर टिचकी मारून खातं बदलून बघा. हे शेवटी सुचतं. कारण ते फुकट आहे.

आयफोनवाल्यांनी हसू नये. त्यांचा Hidden अल्बम कुलपात असतोच, शिवाय Photos च्या सेटिंगमध्ये Show Hidden Album बंद केलं की अल्बम आहे हेही कळत नाही. शाओमीच्या अनेक फोनांत Albums चं पान खाली ओढून धरल्यावर लपवलेले अल्बम उघडतात. हे ज्याला आधीच माहीत असतं, त्याला कसं माहीत, हे घरात विचारू नये.

एवढ्यावरही फोटो मिळत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये मागे जाऊन तो फोटो जिथे आला होता तिथे बघा. धुरकट चौकोन आणि त्यावर खाली जाणारा बाण आहे? मग तो पुसला नाही, लपला नाही, हललाही नाही. तो आलाच नव्हता. डेटा वाचवायला आपोआप उतरणं बंद ठेवलेलं, आणि बाणावर कुणी बोट ठेवलं नाही. फार दिवस गेले असतील तर आता बाण दाबूनही येत नाही, पाठवणाऱ्याला 'पुन्हा पाठव' म्हणावं लागतं.

ते म्हणायला मात्र कुणी धजत नाही. कारण त्या धुरकट चौकोनाखाली आपणच लिहिलेलं असतं, 'अप्रतिम! बाळ अगदी आजीवर गेलंय.'