घड्याळ कनेक्टेड आहे, काळजी नसावी

घड्याळ कनेक्टेड आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कस्टमर केअरचा पहिला प्रश्न हाच असतो आणि आपण 'हो' म्हटलं की त्यांच्या लेखी तक्रार मिटते. घड्याळावर ब्लूटूथचं चिन्ह निळं आहे. फोनमधल्या घड्याळाच्या ॲपात हिरव्या अक्षरांत 'कनेक्टेड' आहे. पावलं मोजली जातात, झोपेला गुण मिळतात, 'बराच वेळ बसलात, उठा' असा दमही अधूनमधून भरला जातो. फक्त मेसेज येत नाहीत. ज्यासाठी मनगटावर हे लोढणं बांधलं तेवढं सोडून बाकी सगळं चालू आहे.

आमच्या सोसायटीतल्या काकांना मुलाने असं घड्याळ घेऊन दिलं. 'टँकर आलाय, पाणी सोडतोय' हा मेसेज ग्रुपवर पडला की मनगटात थरथर व्हावी, एवढीच माफक अपेक्षा. पहिले काही दिवस थरथर झाली. मग थांबली. काकांचे फोन मात्र घड्याळावर व्यवस्थित येत होते, ते त्यावर बोलतही होते, त्यामुळे यंत्र बिघडलंय अशी शंका यायला जागाच नव्हती. त्यांनी वेगळाच निष्कर्ष काढला. "अहो, सेक्रेटरीने मला ग्रुपमधून काढलं वाटतं. मेंटेनन्सचा हिशोब मागितला होता ना मी." नळाला पाणी येऊन गेलं, पण काकांच्या आणि सेक्रेटरीच्या बोलण्यात जे पाणी मुरलं ते मुरलंच.

आता हा हिरवा 'कनेक्टेड' नेमका कशाला जोडलेला असतो ते पाहू. ज्या घड्याळांवर बोलता येतं, त्यांतल्या बऱ्याच घड्याळांच्या फोनशी दोन वेगवेगळ्या जोडण्या असतात. ब्लूटूथच्या यादीत कधीकधी एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात ती त्यामुळे. कॉलची जोडणी फोनची यंत्रणा स्वतः सांभाळते, ब्लूटूथच्या हेडफोनची सांभाळते तशीच. मेसेजची गोष्ट निराळी. घड्याळाला तुमचे मेसेज मुळात कळतच नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये बसलेलं घड्याळाचं ॲप फोनवर पडणारी प्रत्येक सूचना वाचतं आणि दुसऱ्या जोडणीवरून घड्याळाकडे धाडतं. म्हणजे ते ॲप हा शिपाई झाला. साहेबांच्या टेबलावरचा कागद उचलायचा आणि पलीकडच्या खोलीत नेऊन द्यायचा. साहेब जागेवर आहेत, पलीकडची खोली उघडी आहे, मधल्या दाराला कुलूप नाही, म्हणून ऑफिस 'कनेक्टेड'. फक्त शिपायाला घरी पाठवलेलं आहे. का पाठवलं? तर वीज वाचवायला. शिपाई दिवसभर स्टुलावर बसून असतो, त्याला कुणी हाक मारत नाही, त्याअर्थी त्याचं काम नसावं, असा वरिष्ठांचा अहवाल आहे. कागद मुकाट्याने पोचत होते म्हणूनच हाक मारावी लागत नव्हती, हे अहवालात नाही. बरं, घरी पाठवताना पलीकडच्या खोलीत सांगायची पद्धत नाही. तिथला माणूस टेबल पुसून, पेन उघडून वाट पाहतोय आणि दारावर हिरवी पाटी झळकतेय. अशा ऑफिसची मला सवय आहे, पण ती विकत घ्यायची सवय नव्हती.

हे बॅटरीचं निमित्त आता सहन होत नाही. अँड्रॉइडने 2015 साली, सहाव्या आवृत्तीत, पडून राहिलेल्या फोनवरच्या ॲपना डुलकी काढायला लावली. 2018 पासून, म्हणजे नवव्या आवृत्तीपासून, कमी उघडली जाणारी ॲप मागच्या बाकावर ढकलली जाऊ लागली. तिथवर ठीक होतं. पण फोन बनवणारे त्यावर आपला खास कायदा चढवतात. जाहिरातीत 'दोन दिवस बॅटरी' म्हणायचं, म्हणून ग्राहकाने मागवलेली ॲप गुपचूप मारून टाकायची. आणि त्याच फोनबरोबर न मागता आलेलं, काढता न येणारं, रात्री अकराला 'तुमच्यासाठी खास वॉलपेपर' म्हणून भुंकणारं ॲप? त्याला झोप नाही, भूक नाही, बॅटरी तर लागतच नाही! आणखी एक संतापजनक गंमत. तुमच्या सगळ्या सूचना, ओटीपीसकट, वाचण्याचा हक्क घड्याळाचं ॲप पहिल्याच दिवशी मागतं. फोन सावध करतो, आपण न वाचता 'Allow' दाबतो. म्हणजे खरोखर जड परवानगी मिनिटभरात हातावेगळी. आणि नुसतं जागं राहण्याची निरुपद्रवी परवानगी सेटिंग्जच्या चौथ्या-पाचव्या तळघरात, प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने, वेगळ्या दाराआड.

काकांचा फोन हातात घेतला तेव्हा आधी दोष कुणाचा ते पाहिलं. घड्याळाचं ॲप उघडून ठेवलं आणि दुसऱ्या फोनवरून मेसेज टाकला. मनगट थरथरलं. ॲप बंद केलं, स्क्रीन काळी केली, जरा वेळ जाऊ दिला, पुन्हा मेसेज टाकला. शांतता. म्हणजे वाचण्याची परवानगी शाबूत होती, शिपायालाच झोपवलेलं होतं. ॲप उघडं असतानाही शांतता असती तर मोर्चा दुसरीकडे वळवावा लागला असता: सूचना वाचण्याची परवानगी, सेटिंग्जमधली Notification access, बंद करून पुन्हा चालू करायची. कारण ॲपचं अपडेट आल्यावर कधीकधी बटण चालू दिसतं, पण आतली गाठ सुटलेली असते.

मग तळघरात उतरलो. ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीच्या सदरात Unrestricted निवडलं. त्याच पानावर Pause app activity if unused म्हणून एक बटण असतं, ते बंद केलं. काका घड्याळाचं ॲप उघडत नाहीत, त्याअर्थी ते वापरात नाही, असा फोनचा समज होता. त्यांच्या फोनवर Autostart वेगळंच होतं, ते चालू केलं, नाहीतर फोन बंद करून सुरू केला की शिपाई पुन्हा घरी. शेवटी अलीकडच्या ॲपच्या यादीत त्या चौकटीला कुलूप लावलं. काकांना रोज रात्री ती यादी बोटाने सरकवून साफ करायची सवय आहे, 'मेमरी मोकळी होते' म्हणून. त्या साफसफाईत काही फोन ॲपला आतूनही ठार करतात.

"म्हणजे सेक्रेटरीने काढलं नव्हतं?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका."

"हं. पण हिशोब दिलाय कुठे त्याने अजून!"

पुढच्या महिन्यात फोनला मोठं अपडेट आलं आणि बॅटरीचं सदर आपल्या मूळच्या जागी जाऊन बसलं. घड्याळ अर्थातच कनेक्टेड होतं.

तेव्हा घड्याळ विकणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. खोक्यावर पोहण्याचे, सायकलीचे, योगासनांचे शंभर प्रकार छापता, त्यांतला एक कमी करा. त्या जागी छापा, की फोनवर आमचं ॲप झोपलं तर मेसेज येणार नाहीत. आणि ॲप झोपलेलं असताना घड्याळावर ते निळं चिन्ह दाखवू नका.