रिकाम्या खोक्याचं वजन

पितळ हा कापरासारखा उडून जाणारा पदार्थ नाही, एवढं माझं रसायनशास्त्र पक्कं आहे. म्हणून खारघरच्या ताईंचा "खोकं रिकामं निघालं, 1,450 रुपये परत करा" हा निरोप वाचल्यावर मला आधी राग नाही, कुतूहल वाटलं. आत पितळी सोऱ्या होता. वसुबारसेला तो त्यांच्या घरी पोचला आणि तो नसल्याचं त्यांना कळलं भाऊबीज उरकल्यावर, तक्रारीची मुदत संपता संपता. सबंध दिवाळी ते खोकं बहुधा देवासमोर ठेवलेलं असावं.

मी नेरुळला दोन खोल्यांत राहून हा ऑनलाइन विक्रीचा धंदा करतो. माल तांबाकाट्याहून आणायचा, मशीद बंदरला लोकल पकडायची आणि डब्यातल्या लोकांचे टोमणे पिशवीसकट घरी आणायचे. नेरुळहून खारघर तिसरं स्टेशन. पण पार्सल असं सरळ जात नाही. ते आधी भिवंडीच्या गोदामात जातं, तिथे रात्र काढतं आणि मग माघारी येतं.

याच भिवंडीने मला वाचवलं. तिथल्या पट्ट्यावरून जाताना प्रत्येक खोक्याचं वजन आणि माप यंत्र घेतं. अर्थात माझ्या भल्यासाठी नव्हे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागतात, त्याला आकारमानाचं वजन म्हणतात. ते आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे. माझं खोकं 30 × 20 × 10, म्हणजे 1.2 किलो. खरं वजन 1 किलो 70 ग्रॅम. पुढच्या अर्ध्या किलोला वर ओढून बिल दीड किलोचं! या यंत्राला मी आजवर काय काय म्हणालो आहे ते छापता येणार नाही. पण बिलाच्या तक्त्यात ते खरं वजनही प्रामाणिकपणे लिहून ठेवतं. आणि नुसतं खोकं, बबल रॅप आणि चिकटपट्टी यांचं वजन होतं 160 ग्रॅम.

बायको म्हणाली, "दे ना ठेवून एक सणसणीत!" तसं एक उत्तर मी लिहिलंही. त्यात 'निर्लज्ज' हा शब्द होता आणि शुद्धलेखन निर्दोष होतं. मग ते खोडलं, कारण भांडण लागलं तर आमचा मजकूर वाचणारा तिसरा माणूस शिवी लक्षात ठेवतो, ग्रॅम विसरतो. शेवटी गेलं ते असं:

"ताई, सप्रेम नमस्कार. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल वाईट वाटलं. खोकं भरतानाचा व्हिडिओ सोबत आहे. काट्यावर सोऱ्या चकत्यांसकट 910 ग्रॅम दिसतो, मग तो खोक्यात जातो, चिकटपट्टी लागते आणि आपल्या नावाचा कागद चिकटतो. मध्ये कुठेही चित्रण तोडलेलं नाही. भिवंडीला याच खोक्याचं वजन 1 किलो 70 ग्रॅम भरलं, त्याचा तक्ता जोडला आहे. आपण पाठवलेल्या फोटोत तळाची पट्टी शाबूत आहे आणि वरची एकाच सरळ रेषेत कापलेली आहे. वाटेत कुणी हात मारला असता तर पट्टीवर दुसरी पट्टी दिसली असती. दिवाळीच्या गडबडीत घरात कुणी खोकं उघडून सोऱ्या फळीवर ठेवला असेल का, एकदा विचारून पाहावं. तरी न सापडल्यास खोकं टाकू नका, कुरियरकडे चौकशी लावू."

फळीचं वाक्य मी मुद्दाम घातलं. खोटं पकडलेल्या माणसाला बाहेर पडायला दार ठेवलं नाही, तर तो भिंत फोडतो आणि भिंत बहुतेक वेळा आपलीच असते.

या पुराव्याला भोकंही आहेत, आणि ती मी ताईंना सांगायला गेलो नाही. ताईंनी डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगितला, त्यावरून खोकं मिळालं एवढंच ठरतं, आतलं नाही. भिवंडीचं वजन भिवंडीपुरतं. पुढच्या प्रवासात काय झालं ते यंत्राला ठाऊक नसतं. आणि 910 ग्रॅम म्हणजे सोऱ्याच असं नाही, तेवढ्या वजनाची विटेची कपचीही असू शकते. म्हणून व्हिडिओ, वजन आणि पट्टी तिन्ही एकत्र लागतात. खरंच वाटेत माल चोरीला गेलेली गिऱ्हाइकं मला भेटली आहेत. ती फोटो सगळ्या बाजूंनी काढतात, त्याच संध्याकाळी पाठवतात आणि पैशांआधी "आता फराळाचं काय?" असं विचारतात.

दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतल्याचा निरोप आला. कारण: "सासूबाईंनी फळीवर ठेवला होता." माझंच वाक्य, फक्त सासूबाई नव्या.

आठवड्याने त्यांनी पाचांपैकी तीन तारे दिले. खाली लिहिलं होतं, "सोऱ्या दणकट. चकली छान पडते, काटा सुरेख येतो. विक्रेता फार बोलतो."