#द्राक्षे रशियनमध्ये

ओझरच्या एचएएलमुळे नाशिकला रशियन माणूस नवा नाही. आता निर्यातदारांच्या द्राक्षांनाही रशियन हॅशटॅग हवाय. मराठी पोस्टला तीन नमस्कार, चार ज्वाळा आणि दोन घड असतात. एक्सवर साध्या खात्याला अक्षरांची मर्यादा २८०, त्यात प्रत्येक इमोजी दोन खातो. म्हणजे अठरा अक्षरे आरतीतच गेली. 'Виноград из Насика', म्हणजे 'नाशिकची द्राक्षे', एवढ्या रशियनलाही रिकाम्या जागांसह अठराच लागतात! तिकडचा माणूस हसू दाखवायला बऱ्याचदा ')' असा नुसता बंद कंस टाकतो. एका अक्षरात काम. पण आपल्या ऑफिसातल्या साहेबांना वाटतं, टायपिंग चुकलं.

खरी गंमत हॅशटॅगची. रशियनमध्ये गावाच्या नावालाही विभक्ती लागते. वाक्यात #Насика घातलं तर व्याकरण खूश, पण #Насик शोधणाऱ्याच्या यादीत पोस्ट येत नाही. म्हणून जाणकार वाक्यात गाव हॅशटॅगशिवाय लिहितो आणि मूळ रूपातला टॅग शेवटी लावतो. त्यात कुणी Нашик लिहितो, कुणी Насик. आधी ऑफिसात एक ठरवा. मग ज्वाळा लावा.