तिरप्या लादीचे काका

खोपटला एसटी डेपोच्या आसपास ज्या जुन्या चार मजली सोसायट्या आहेत, त्या प्रत्येकीत हे काका असतातच. कुणाकडे जुनी लादी फोडायचा आवाज सुरू झाला, की थोड्याच वेळात ते दारात उभे. पायात सपाता, खिशात पाच मीटरचा टेप, कानावर पेन्सिल. वागळे इस्टेटमधली ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी संपली, पण ड्रॉइंग काही संपलं नाही. "मी नुसता बघायला आलोय," असं ते म्हणाले, की घरच्या बाईने चहाचं आधण वाढवावं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हॉलला तिरपी लादी ठरवली. हॉल बारा फूट बाय दहा, लादी दोन बाय दोन. काकांचा हिशोब तोंडी झाला. "एकशेवीस भागिले चार, तीस लाद्या. खोक्यात चार येतात, म्हणजे आठ खोकी. दुकानदार नऊ सांगतोय? लादी तिरपी लावली म्हणून हॉल वाढतो का?"

हॉल वाढत नाही हे खरंच. पण भिंती वाढत्या लादीला अर्ध्यात अडवतात, हे काकांना रात्री आलेखाच्या कागदावर दिसलं. दोन फुटी लादी कोपऱ्यावर उभी केली, की तिची रुंदी दोन फूट दहा इंच होते, आणि त्या मापाला ना बारा फूट जुळत, ना दहा. सकाळी ते कागद घेऊन आले. हॉलच्या मधोमध एक लादी धरून मांडणी केली, तर 49 लाद्यांना हात लावावा लागतो. त्यातल्या 17 अख्ख्या बसतात आणि 32 कापाव्या लागतात. "एकोणपन्नास!" असं त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की वहिनींनी कर्ज काढायची मनाची तयारी केली.

अर्थात काका लोकांना घाबरवतात ते नंतर स्वतःच वाचवता यावं म्हणून. एका भिंतीला लादीचा जो कोपरा छाटला जातो, तोच दुसरीकडे तुकडा म्हणून बसतो. बारा फुटी भिंतींना नऊ इंच खोलीचे सहा त्रिकोण हवे होते; दहा फुटी भिंतींना सहा लाद्यांचे कोपरे उडत होते, तेही जवळजवळ तेरा इंचांचे. एकातून एक सरळ निघतो. अशा जोड्या लावत काकांनी मागणी 33 वर आणली. तिसाच्या वर तीन, म्हणजे दहा टक्के. कारागिरानेही पहिल्या दिवशी वेस्टेज दहा टक्केच सांगितलं होतं, फक्त त्याला रात्र जागावी लागली नव्हती.

नववं खोकं मान्य झालं. मग कारागिराने कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. दहा फुटी भिंतींना प्रत्येकी चार, असे आठ त्रिकोण होते, खोली जेमतेम चार इंच. "काका, हे कटरखाली टिकत नाहीत, टोक उडतं. आणि टिकले तरी दारातून आलेला माणूस आधी तेच बघणार."

"मग मध्यबिंदूचं काय?" काकांनी विचारलं. सममिती हा त्यांचा धर्म आहे.

कारागिराने मधली लादी दाराकडे चार इंच सरकवली. दाराकडच्या भिंतीला आता बरोबर अर्ध्या लाद्या आल्या आणि बारीक त्रिकोण सगळे गेले. समोरच्या भिंतीला आठ इंचांचे चारच उरले, तिथे सोफा येणार होता. काका तिथेच जमिनीवर बसून मोजू लागले. कापायचे तुकडे 32 वरून 28 वर आले. चेहरा उजळला. मग जोड्या लावल्या आणि पुन्हा पडला, कारण छाटलेले कोपरे आता पहिल्यासारखे एकमेकांच्या मापाचे नव्हते. काप कमी, लाद्या दोनेक जास्त! चारचौघांत एवढा अन्याय त्यांच्यावर भूमितीने कधी केला नव्हता.

त्यात इमारत जुनी. टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरला, तर दोन्ही तिरकी मापं सारखी यायला हवीत. इथे पाऊण इंचाचा फरक निघाला. म्हणजे एका भिंतीचे सारखे त्रिकोण टोकाकडे बारीक होत जाणार. "अर्धा इंच स्कर्टिंग खाईल," कारागीर म्हणाला, "उरलेलं पडदा." काकांनी वहीत स्कर्टिंगची नोंद केली, पडद्याची करायला मन धजेना.

लादी बसली, सुकली, लखलखली. नऊ खोक्यांतून एक अख्खी लादी उरली. वहिनी ती भंगारात देणार होत्या, तेव्हा काका जिन्यातूनच ओरडले की ठेवा, पुढे एखादी फुटली तर नव्या लॉटची छटा जुळत नाही. हे मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच कुणी त्यावर वाद घातला नाही. काकांना ते फारसं आवडलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर हातोडा वाजला. बाथरूमचं काम होतं, सरळ लावायची एक बाय एक लादी. काकांनी कान दिला, टेप चाचपला आणि उतरता उतरता म्हणाले, "उतार कुठे दिलाय विचारतो."